पेमेंट १,१२० रुपयांनी कमी का आलं? टीडीएसचा खुलासा करणारा ईमेल कसा लिहावा

एप्रिल उजाडला की ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांमधून बॅलन्स कन्फर्मेशनचे ईमेल यायला लागतात. वर्ष संपलेलं असतं, ऑडिट तोंडावर असतं आणि कंपनीच्या अकाउंट्समधलं कुणीतरी प्रत्येक व्हेंडरला विचारत असतं की ३१ मार्चला आमच्या नावावर तुमच्या वहीत किती बाकी आहे. मोठा व्हेंडर असेल तर त्याचा अकाउंटंट उत्तर देऊन मोकळा होतो. छोटा व्हेंडर मात्र टॅलीतून निघालेलं स्टेटमेंट जसंच्या तसं पाठवतो, आणि तिथून घोळ सुरू होतो.

मी ठाण्यात अशा छोट्या व्यावसायिकांची वही सांभाळतो. त्यातले एक वागळे इस्टेटमध्ये एसी सर्व्हिसिंगचं काम करतात. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीचं एसी देखभालीचं वार्षिक कंत्राट त्यांच्याकडे आहे आणि दर तिमाहीला एक बिल जातं. ८ एप्रिल २०२५ ला त्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा ईमेल आला: "तुमच्या स्टेटमेंटमध्ये ३१ मार्चला १,१२० रुपये येणे दिसते. आमच्याकडे तुमचे खाते निल आहे. कृपया खुलासा करावा."

काकांनी मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं होतं: "होय मॅडम, जानेवारीच्या बिलाचे १,१२० रुपये कमी आले आहेत, लवकर पाठवावेत." पाठवण्याआधी त्यांनी मला फोन केला हे फार बरं झालं, कारण ते पैसे कंपनीकडे राहिलेलेच नव्हते. तो टीडीएस होता, म्हणजे पेमेंट करतानाच कंपनीने कापून काकांच्या नावावर सरकारकडे भरायचा आयकर. ज्याने आपला कर कापून भरला त्याच्याकडेच तेवढी रक्कम पुन्हा मागितली, तर समोरचा माणूस एकतर वैतागतो, नाहीतर तुमच्या हिशेबावरचा त्याचा विश्वास उडतो. पुढच्या कंत्राटाच्या वेळी हे आठवतं.

म्हणून हा ईमेल कसा लिहायचा ते काकांच्याच आकड्यांवरून सांगतो. लिहिणं शेवटी येतं. आधी फरकाचा मेळ बसवावा लागतो, आणि नवीन माणसाचा गोंधळ तिथेच होतो.

आधी फरक कशाचा आहे ते शोधा

चारही बिलं समोर घ्या, बँकेचं स्टेटमेंट घ्या, आणि पेमेंटच्या वेळी कंपनीने पेमेंट अ‍ॅडव्हाइस पाठवला असेल तर तो शोधा. कोणत्या बिलाचे किती, टीडीएस किती कापला आणि हातात किती, हे त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो स्पॅम फोल्डरमध्ये पडलेला असतो. काकांचा तिथेही सापडला नाही, त्यामुळे आकड्यांवरूनच शोध घ्यावा लागला.

काकांचं प्रत्येक बिल २८,००० रुपयांचं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,०४०, म्हणजे एकूण ३३,०४०. पहिल्या तीन बिलांचे पूर्ण ३३,०४० जमा झाले होते. चौथ्याचे १४ फेब्रुवारीला ३१,९२० आले. फरक १,१२०.

फरक टीडीएसचा आहे का हे पाहायची एक साधी रीत आहे. फरकाला बिलाच्या जीएसटीविना असलेल्या रकमेने भागा आणि शंभराने गुणा. उत्तर १, २ किंवा १० असं स्वच्छ आलं, तर जवळजवळ नक्कीच टीडीएस आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या बिलांसाठी कंत्राटी कामाला आयकर कायद्याचं कलम १९४सी लागतं. त्यात व्हेंडर व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का आणि इतर कुणी, म्हणजे भागीदारी फर्म, एलएलपी, कंपनी असेल तर २ टक्के कापतात. व्यावसायिक सेवेला, उदाहरणार्थ वकील, आर्किटेक्ट, सीए यांच्या बिलावर, कलम १९४जेप्रमाणे १० टक्के जातात. टीडीएस सहसा पूर्ण रुपयात कापतात, म्हणून काही पैशांचा फरक पडला तर तिकडे लक्ष देऊ नका.

उत्तर १.१८, २.३६ किंवा ११.८ असं आलं तर समजा की कंपनीने जीएसटीसकट रकमेवर टीडीएस कापला आहे. ही खूण मला फार उपयोगी पडते, कारण आकडा बघताच चूक कुठे झाली ते कळतं. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाने १९ जुलै २०१७ च्या २३/२०१७ या परिपत्रकात सांगितलेलं आहे.

काकांचं उत्तर मात्र ४ टक्के आलं. १,१२० भागिले २८,०००. असा दरच नाही. नवा माणूस इथे येऊन थांबतो आणि ठरवतो की हा काही टीडीएस नव्हे, कंपनीनेच पैसे अडवले.

चार टक्के कुठून आले

कलम १९४सीला दोन मर्यादा आहेत. एकच बिल ३०,००० रुपयांच्या वर गेलं तर टीडीएस लागतो. आणि बिलं छोटी असली तरी त्याच व्हेंडरची त्या आर्थिक वर्षातली बेरीज १ लाखाच्या वर गेली तरीही लागतो. पहिली मर्यादा सगळ्यांना माहीत असते. दुसरीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

काकांचं बिल २८,०००, म्हणजे ३०,००० च्या आत. पहिल्यावर कपात नाही. दुसऱ्यावर नाही, वर्षाची बेरीज ५६,०००. तिसऱ्यावर नाही, बेरीज ८४,०००. जानेवारीत चौथं बिल गेलं आणि बेरीज १,१२,००० झाली. मर्यादा ओलांडली, आणि ती ओलांडली की कपात फक्त चौथ्या बिलावर किंवा वरच्या १२,००० वर होत नाही. ती वर्षाच्या सगळ्या १,१२,००० वर होते. पहिल्या तीन बिलांचे पैसे देऊन झालेले, म्हणून चारही बिलांचा मिळून १ टक्का, म्हणजे १,१२०, चौथ्यातून गेला.

म्हणून भागाकाराला विचित्र उत्तर आलं की त्या कंपनीला एप्रिलपासून दिलेली सगळी बिलं जीएसटीविना बेरजेला धरा आणि पुन्हा भागा. १,१२० भागिले १,१२,०००. आता स्वच्छ १ टक्का. मॅडमच्या खात्यात निल का दिसत होतं तेही कळलं: त्यांनी काकांना ३१,९२० दिले आणि १,१२० काकांच्या खात्यातून काढून टीडीएसच्या खात्यात टाकले, त्यामुळे काकांचं बिल त्यांच्या वहीत पूर्ण फिटलं. काकांच्या वहीत फक्त बँकेत आलेले पैसे चढले होते, म्हणून तिथे १,१२० लोंबकळत राहिले.

दर बरोबर आहे का हेही याच वेळी पाहून घ्या. पॅनचं चौथं अक्षर बघा. P असेल तर व्यक्ती, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, F असेल तर फर्म किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी. काकांचा धंदा त्यांच्या एकट्याच्या मालकीचा आहे, दुकानाच्या पाटीवर नाव काहीही असो, पॅन त्यांचा स्वतःचा आणि चौथं अक्षर P. म्हणजे १ टक्का बरोबर. पाटीवर 'एंटरप्रायझेस' किंवा 'सर्व्हिसेस' असं वाचून काही अकाउंटंट २ टक्के कापतात. अशा वेळी ईमेलमध्ये भांडू नका, पॅनचं चौथं अक्षर दाखवा, विषय संपतो.

देखभालीच्या कामाला १९४सी की १९४जे, हाही वाद निघतो. सुटे भाग धरून केलेलं नेहमीचं देखभालीचं कंत्राट १९४सीत येतं, हे १९९५ च्या ७१५ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. काम तांत्रिक सल्ल्याचं असेल तर गोष्ट वेगळी. फिल्टर धुणं, गॅस भरणं, कॉम्प्रेसर तपासणं हे नेहमीच्या देखभालीचं काम झालं.

ईमेलच्या आधी स्वतःची वही दुरुस्त करा

हे पाऊल लोक विसरतात. मग ईमेलमध्ये "बाकी नाही" लिहितात आणि सोबत जुनंच स्टेटमेंट जोडतात, ज्यात १,१२० बाकी दिसते. तसं झालं तर समोरच्याचा पुढचा ईमेल ठरलेला.

टॅलीत `F7` दाबून जर्नल एंट्री करा. 'टीडीएस रिसीव्हेबल' नावाचं खातं नावे १,१२०, कंपनीचं खातं जमा १,१२०, आणि बिलाचा संदर्भ देताना चौथ्या बिलाचा क्रमांक निवडा. तारीख पेमेंट आलं त्या दिवसाची, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ घाला. आज एप्रिल आहे म्हणून एप्रिलची तारीख घातलीत तर ३१ मार्चची बाकी तशीच राहील आणि कन्फर्मेशन पुन्हा जुळणार नाही.

दोन गोष्टी करू नका. टीडीएसची रक्कम खर्चात किंवा डिस्काउंटमध्ये टाकू नका. तो तुमचा आगाऊ भरलेला आयकर आहे, रिटर्न भरताना वजा होणार आहे किंवा परत मिळणार आहे. आणि त्या रकमेची क्रेडिट नोट तर मुळीच काढू नका. क्रेडिट नोट काढली की विक्री कमी झाली असा अर्थ होतो आणि जीएसटीचा हिशेबही बिघडतो. काकांचं उत्पन्न पूर्ण १,१२,००० आहे आणि जीएसटीही पूर्ण २०,१६० भरायचा आहे. टीडीएसने त्यातलं काहीच बदलत नाही. एका ओळखीच्या छपाईवाल्याने वर्षभर अशा क्रेडिट नोटा काढल्या होत्या, त्या निस्तरताना आम्हा दोघांचे आठ दिवस गेले.

आता ईमेल

विषयाच्या ओळीतच उत्तर द्या. अकाउंट्सच्या माणसाला एप्रिलमध्ये असे पन्नास ईमेल येतात. नुसतं "खुलासा" किंवा "आपल्या ईमेलच्या संदर्भात" असा विषय टाकला तर तो उघडायला आठवडा जातो.

काकांच्या नावाने गेलेला ईमेल असा होता:

विषय: बिल क्र. १०७ – १,१२० रुपयांचा फरक टीडीएसचा. ३१ मार्च २०२५ ची बाकी शून्य

नमस्कार मॅडम,

आपला ८ एप्रिलचा ईमेल मिळाला. आमच्या स्टेटमेंटमध्ये दिसणारे १,१२० रुपये ही आपल्याकडची बाकी नाही. बिल क्र. १०७ चं पेमेंट करताना आपण कापलेला तो टीडीएस आहे. आमच्या वहीत त्याची नोंद करायची राहिली होती, ती आता केली आहे. ३१ मार्च २०२५ रोजी आपल्याकडून आमचं काही येणं नाही.

हिशेब असा:

| बिल क्र. | तारीख | बिलाची रक्कम | जीएसटी | एकूण | बँकेत जमा |
|---|---|---|---|---|---|
| ११ | ४ एप्रिल २०२४ | २८,००० | ५,०४० | ३३,०४० | ३३,०४० |
| ४२ | ३ जुलै २०२४ | २८,००० | ५,०४० | ३३,०४० | ३३,०४० |
| ७६ | ४ ऑक्टोबर २०२४ | २८,००० | ५,०४० | ३३,०४० | ३३,०४० |
| १०७ | ६ जानेवारी २०२५ | २८,००० | ५,०४० | ३३,०४० | ३१,९२० |
| एकूण | | १,१२,००० | २०,१६० | १,३२,१६० | १,३१,०४० |

पहिल्या तीन बिलांची बेरीज ८४,००० रुपये होती, त्यामुळे तोवर कपात नव्हती. चौथ्या बिलाने वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली, म्हणून कलम १९४सीप्रमाणे संपूर्ण १,१२,००० वर १ टक्का, म्हणजे १,१२० रुपये, चौथ्या बिलातून कापले गेले असं आम्ही समजतो.

दोन विनंत्या आहेत. हा आकडा आपल्या टीडीएसच्या नोंदीशी जुळतो का ते कळवावं. आणि जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरताना आमचा पॅन बिलावर आहे तसाच घेतला आहे ना, ते एकदा पाहावं. फॉर्म १६ए तयार झाला की याच ईमेलवर पाठवावा.

सुधारित स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.

कळावे,
(नाव, धंद्याचं नाव, मोबाईल)

असाच का लिहिला

पहिल्या परिच्छेदात निकाल आहे. मॅडमना हवं होतं ते एवढंच: बाकी आहे की नाही. पुढचं कुणी वाचलं नाही तरी त्यांचं काम झालं.

"आमच्या वहीत नोंद राहिली होती" हे वाक्य लिहायला काका आधी तयार नव्हते. "आपली चूक कशाला लिहून द्यायची?" असं त्यांचं म्हणणं. पण नोंद खरंच राहिली होती, आणि ते सांगितल्याने समोरच्याला दुसरं काही शोधत बसावं लागत नाही. फरक कोणाच्या वहीत होता हे सांगितलं नाही तर मॅडम स्वतःची वही पुन्हा तपासत बसल्या असत्या.

तक्त्यात चारही बिलं आहेत, फक्त चौथं नाही. चौथंच दाखवलं असतं तर २८,००० वर १,१२० हे कोणालाही न पटणारं गणित झालं असतं. फरक ज्या बेरजेवर निघतो ती बेरीज डोळ्यांसमोर असायला हवी. जीएसटीचा रकाना वेगळा ठेवलाय, कारण कपात कोणत्या रकमेवर झाली ते त्यातून आपोआप दिसतं.

"असं आम्ही समजतो" हे शब्द मी मुद्दाम घातले. टीडीएस कापला कंपनीने, कोणत्या कलमाखाली कापला हे नक्की तेच सांगू शकतात. आपल्याकडे पेमेंट अ‍ॅडव्हाइस नाही, आपण आकड्यांवरून निष्कर्ष काढलाय. म्हणून आपला हिशेब मांडायचा आणि त्यांच्याकडून होकार घ्यायचा. तो होकार लेखी असला की पुढे रिटर्नच्या वेळी हातात काहीतरी असतं.

पॅनची विनंती अनावश्यक वाटेल. तशी नाही. रिटर्नमध्ये पॅनचं एक अक्षर चुकलं तर १,१२० दुसऱ्याच्या नावावर जातात किंवा कोणाच्याच जात नाहीत. पॅन वेगळा लिहिला नाही कारण तो बिलावर होताच. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल तर मात्र बिलावर पॅन ठळक छापा. पॅन मिळालाच नाही तर कंपनीला २० टक्के कापावे लागतात.

ईमेलमध्ये "तुमचा टीडीएस अजून आमच्या २६एएसमध्ये दिसत नाही" असं काही लिहिलं नाही, तेही मुद्दाम. २६एएस म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, आणि एप्रिलमध्ये हा टीडीएस तिथे दिसायला नकोच. जानेवारी ते मार्च तिमाहीचं रिटर्न भरायची मुदत ३१ मे असते. त्याआधी नोंद दिसली नाही म्हणून कंपनीला विचारलं तर आपल्याला मुदती माहीत नाहीत एवढंच कळतं. फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, द्यायची मुदत त्यानंतर १५ दिवस, म्हणजे १५ जून. इतर तिमाह्यांच्या रिटर्नसाठी ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी लक्षात ठेवा, पुढचे १५ दिवस फॉर्मसाठी.

फरक पूर्ण टीडीएसचा नसेल तर

समजा काकांना ३१,९२० ऐवजी ३१,४२० आले असते. फरक १,६२०. त्याला १,१२,००० ने भागलं तर १.४४ च्या आसपास येतं, कुठल्याच दराशी जुळत नाही. अशा वेळी टीडीएसचे १,१२० वेगळे काढा आणि उरलेल्या ५०० चं कारण विचारा. कदाचित एखादी व्हिजिट उशिरा झाली म्हणून कंपनीने ५०० ची डेबिट नोट काढली असेल. ईमेलमध्ये दोन आकडे दोन वाक्यांत लिहा: १,१२० टीडीएस, त्याची नोंद केली; ५०० चं कारण आम्हाला माहीत नाही, कृपया कळवावं. वहीतही फक्त १,१२० ची एंट्री करा आणि ५०० बाकी राहू द्या.

सगळा फरक टीडीएसमध्ये ढकलून खातं शून्य करायचा मोह होतो, विशेषतः वर्ष बंद करताना. मीही सुरुवातीच्या दिवसांत एका व्यावसायिकाच्या वहीत असंच केलं होतं. पुढे २६एएसमध्ये आकडा कमी निघाला, ते येणं गेलंच, आणि डेबिट नोटला हरकत घ्यायची वेळही निघून गेली होती.

कंपनीने जास्त कापलं असेल, जीएसटीसकट रकमेवर १,३२२ किंवा २ टक्क्यांनी २,२४०, तर घाबरू नका. ते पैसे तुमच्या पॅनवर भरले गेले असतील तर रिटर्नमध्ये पूर्ण रकमेचं क्रेडिट मिळतं. खुलाशाच्या ईमेलमध्ये कापलेली प्रत्यक्ष रक्कम मान्य करा, वहीत तीच चढवा, आणि शेवटी एक वाक्य लिहा की पुढच्या बिलांपासून जीएसटी वगळून १ टक्का कापावा. झालेल्या पेमेंटचा फरक परत मागत बसलात तर कंपनीला भरलेलं चलन आणि रिटर्न दोन्ही बदलावं लागतं, आणि ते कुणी आनंदाने करत नाही.

ईमेलनंतर

मॅडमचा दुसऱ्याच दिवशी फोन आला: "काका, जुळलं. फॉर्म जूनमध्ये पाठवते." काकांना मी सांगितलं की फोनवर झालं तरी "जुळलं" एवढा एक शब्द ईमेलवर मागून घ्या. काकांनी मागितला, मॅडमनी पाठवला.

जूनमध्ये आम्ही आयकर खात्याच्या पोर्टलवर काकांच्या लॉगिनने २६एएस उघडलं. वाट अशी आहे:

```
e-File > Income Tax Returns > View Form 26AS
```

तिथून ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी साइटवर नेतात. कर निर्धारण वर्ष निवडताना नेहमी चूक होते: २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या बिलांसाठी २०२५-२६ हे निर्धारण वर्ष निवडायचं. पहिल्याच भागात कंपनीचं नाव, खाली कलम, तारीख, रक्कम १,१२,००० आणि कर १,१२०. 'स्टेटस ऑफ बुकिंग'च्या रकान्यात F होता, म्हणजे चलन जुळलेलं. तिथे U दिसला तर चलन आणि रिटर्न जुळलेलं नाही असं समजा आणि तेव्हा कंपनीला लिहा, सोबत तो जुना "जुळलं" असलेला ईमेल जोडा. जून संपत आला तरी नोंदच नसेल तर बहुतेक वेळा पॅन चुकलेला असतो, आणि तो कंपनीला दुरुस्तीचं रिटर्न भरून सुधारता येतो. ती दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकत नाही, म्हणून ईमेलचा धागा सांभाळून ठेवा.

कलमांच्या आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, आणि पगाराखेरीजच्या टीडीएसची कलमं त्यात कलम ३९३ मध्ये एकत्र आली आहेत. त्या तारखेनंतरच्या बिलांबद्दल लिहिताना १९४सी लिहू नका. कंपनीच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसवर जे लिहिलं असेल तेच उतरवा. मागच्या वर्षांच्या बिलांचा खुलासा करत असाल तर जुनीच कलमं बरोबर. भागाकाराची रीत दोन्हीकडे तीच.

२०२५-२६ चं पहिलं बिल काकांनी एप्रिलमध्येच दिलं होतं. त्याचं पेमेंट आलं ३२,७६०. बेरीज १ एप्रिलपासून पुन्हा शून्यावर आलेली, तरी कपात झाली होती, कारण वर्षभरात बिलं लाखाच्या वर जाणार हे आता कंपनीला माहीत होतं आणि त्यांनी पहिल्या बिलापासूनच कापायला घेतलं. काकांनी मला फोन केला तेव्हा भागाकार करून झाला होता. "दोनशे ऐंशी, एक टक्का. एंट्री टाकली. बरोबर ना?" बरोबर होती, तारखेसकट.